शेवटच्या आठवड्याची घडी : बटव्यातली टिपणं आणि भिंतीवरचा तक्ता



फेब्रुवारी-मार्च म्हटलं की आपल्या चाकूर भागात सगळं एकदमच अंगावर येतं. हरभऱ्याची काढणी, ज्वारीची काढणी, आणि त्यातच दहावीची परीक्षा. कुणाचं लेकरू परीक्षेला बसलेलं असतं, तर आपल्या गटातल्या काही ताया स्वतःच १७ नंबरचा फॉर्म भरून बसलेल्या असतात. शेवटच्या आठवड्यात सलग दोन तास मिळत नाहीत. मिळतात ते तुकडे. दूध तापेपर्यंत पाच मिनिटं, बांधावर भाकरी खाताना दहा मिनिटं, एसटीची वाट बघताना पंधरा मिनिटं. या तुकड्यांत जाडजूड पुस्तक उघडून काही होत नाही. पान सापडेपर्यंतच वेळ जातो.

त्यासाठी दोन वस्तू घरच्या घरी करता येतात. एक, घडीचं टिपण, म्हणजे बटव्यात मावेल असा घडी घातलेला कागद. दुसरा, भिंतीवरचा तक्ता. दोन्ही कशा करायच्या हे आज दहावीच्या भूगोलावरून सांगते. भूगोल घेण्याचं कारण असं की २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी शेजारी ठेवून शिकवले आहेत, आणि गोंधळ होतो तो नेमका तिथंच. कोणती गोष्ट कुठल्या देशाची हेच आठवत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या

आपल्या एका गटातल्या ताई दहावीला बसल्या होत्या. लग्नाआधी शाळा सुटलेली. दहावी पास नाही म्हणून दोन ठिकाणी त्यांना कामासाठी अर्जच करता आला नव्हता. त्यांनी मोठ्या कष्टानं टिपणं काढली होती. गाइडमधली उत्तरं बारीक अक्षरात उतरवून काढलेली, कागदाच्या दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. म्हणाल्या, "वाचते तवा समदं येतंय बघा." मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का पडतो?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आत्ताच वाचलं होतं की वो."

बऱ्याच जणींचं असंच होतं. वाचताना डोळ्याला ओळख पटते, आणि ओळख पटली की आपल्याला येतंय असं वाटतं. पण पेपरात उत्तर समोर छापलेलं नसतं, ते आतून काढावं लागतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोघांनी यावर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटा उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते. पण आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. आणि आपल्या ध्यानात जास्त राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

आपल्या लातूर पॅटर्नचं नाव झालं त्यातही सराव परीक्षा पुन्हा पुन्हा घेण्याचा मोठा भाग होता. म्हणून टिपण असं करायचं की त्यात प्रश्न दिसेल आणि उत्तर लपलेलं राहील. ते वाचायला नसून विचारायला आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढची सगळी रीत आपोआप कळते.

घडीचं टिपण कसं करायचं

कोरा ए-फोर कागद घ्या, झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो. आधी घडी घालायची, लिहायचं नंतर.

पहिली घडी : कागद आडवा ठेवा. वरची लांब कड खालच्या लांब कडेवर आणा. आता एक लांब पट्टी झाली, दोन पदरांची.

दुसरी घडी : ही पट्टी डावी-उजवी मधोमध दुमडा, उघडा. मग दोन्ही टोकं मधल्या रेघेवर आणून दुमडा, उघडा. पट्टीवर चार घरं दिसतील. आता ही घरं कागदाच्या पंख्यासारखी एकदा पुढं, एकदा मागं दुमडत जा. हातात जी घडी राहील ती साधारण साडेसात सेंटीमीटर रुंद आणि साडेदहा सेंटीमीटर उंच असते. बटव्यात सहज बसते.

आता लिहायचं कुठं ते बघा. पट्टीच्या पुढच्या बाजूला चार घरं, मागच्या बाजूला चार घरं. पुढच्या घरात तीन प्रश्न लिहा. त्याच घराच्या बरोबर मागं त्या तिन्हींची उत्तरं लिहा. म्हणजे घर उलटलं की उत्तर, नाहीतर फक्त प्रश्न. कागद दोन पदरी असल्यानं शाई पलीकडं दिसत नाही. तरी स्केच पेन वापरू नका, ते फुटतं आणि घामानं पसरतं. साधा बॉलपेन बरा.

चार घरं आणि प्रत्येकात तीन, असे एका घडीत बारा प्रश्न झाले. एका धड्याला एक घडी पुरे. बारापेक्षा जास्त प्रश्न घालायचा मोह होतो, तेव्हा अक्षर बारीक होतं आणि चालत्या जीपमध्ये वाचता येत नाही.

पहिली घडी उघडली की आतली पूर्ण बाजू कोरी मिळते. ती वाया घालवायची नाही. भूगोलाच्या टिपणात तिथं ब्राझीलच्या नकाशाची बाह्यरेषा काढा, नावं न लिहिता. नदी, उच्चभूमी, राजधानी यांच्या जागी नुसतं १, २, ३ लिहा. रिकामा वेळ मिळाला की कागद पसरायचा आणि बोट ठेवून नावं म्हणायची.

उत्तर किती लिहायचं?

सगळं गणित इथंच बिघडतं किंवा जमतं, म्हणून एक प्रश्न पूर्ण करून दाखवते. तोच, ज्यावर ताई अडल्या होत्या.

पुढच्या बाजूला प्रश्न लिहिला : ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी. का?

मागच्या बाजूला त्यांनी आधी गाइडमधला अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो खोडला आणि फक्त चार शब्द ठेवले :

वारे – कडा – किनारा – छाया

आता या चार शब्दांतून चार वाक्यं काढायची. वारे : अटलांटिक महासागरावरून बाष्प घेऊन वारे ब्राझीलकडे येतात. कडा : उच्चभूमीच्या पूर्व बाजूला असलेल्या अजस्र कड्याला ते अडतात. किनारा : अडल्यामुळं वर चढतात आणि बराचसा पाऊस किनाऱ्याच्या बाजूलाच पडतो. छाया : कडा ओलांडून पलीकडं जाताना वाऱ्यात बाष्प कमी उरतं, म्हणून ईशान्येकडचा तो भाग पर्जन्यछायेत येतो. त्यालाच 'अवर्षण चतुष्कोन' म्हणतात.

ताईंना 'अवर्षण चतुष्कोन' हा शब्द काही केल्या तोंडात बसत नव्हता. तेव्हा त्यांना आपल्याकडची गोष्ट आठवून दिली. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, कोकणात धो धो पाऊस पडतो, आणि मराठवाड्यापर्यंत येईस्तोवर पाऊस कमी होतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अवर्षण म्हणजे पावसाची ओढ, चतुष्कोन म्हणजे चार कोनांचा तुकडा. ताई म्हणाल्या, "म्हणजे ब्राझीलचा मराठवाडा म्हणा की." त्यांनी चार शब्दांच्या खाली एवढंच लिहून घेतलं : 'आपल्यासारखं'. पेपरात अर्थातच हे लिहायचं नाही, ते फक्त आठवायची खुंटी म्हणून.

उत्तर योग्य लांबीचं झालं का हे कसं ओळखायचं? दोन खुणा आहेत. मागची बाजू बघितल्यावर नुसतं वाचूनच उत्तर पूर्ण होत असेल, तर ते लांब झालं, कापा. आणि शब्द बघूनही वाक्य जमत नसेल, तोंडातून फक्त "वारे, कडा, किनारा, छाया" एवढंच येत असेल, तर ते फार आखूड झालं किंवा धडाच कळलेला नाही. अशा वेळी पुस्तकातलं ते एकच पान पुन्हा वाचा आणि शब्द बदला. शब्द तुमचे हवेत. माझे किंवा गाइडचे शब्द तुम्हाला खुंटीसारखे उपयोगी पडणार नाहीत.

सगळ्याच प्रश्नांना चार शब्द लागत नाहीत. 'ब्राझीलमध्ये नियमित बर्फ का पडत नाही?' याला दोन पुरतात : 'उष्ण पट्टा – उंच डोंगर नाही'. वेळेचा प्रश्न मात्र वेगळा असतो, त्यात पायऱ्या लिहाव्या लागतात. उदाहरणार्थ, भारतात दुपारचे १२ वाजले असताना ब्राझिलिया शहरात किती वाजले असतील? मागं लिहायचं : 'आपण ग्रीनिचच्या ५ तास ३० मिनिटं पुढं. ते ३ तास मागं. फरक ८ तास ३० मिनिटं. वजा.' उत्तर पहाटेचे साडेतीन. पण ते उत्तर लिहून ठेवू नका, कारण पेपरात आकडे बदलून येतात. पायऱ्या आल्या की कोणताही आकडा चालतो.

कुणी विचारायचं?

हे टिपण एकटीनंही वापरता येतं. प्रश्न वाचायचा, तोंडानं किंवा मनात पूर्ण उत्तर म्हणायचं, आणि मगच उलटायचं. आधी उलटलं की सगळा फायदा गेला. पण दुसरी कुणी विचारणारी असेल तर आणखी बरं, कारण तिच्यासमोर "येतंय की" म्हणून पुढं सरकता येत नाही.

इथं आपल्यातल्या कमी शिकलेल्या आयांनाही मोठं काम आहे. पुष्कळ आया म्हणतात, "आमाला कुठं कळतंय त्यातलं, आमी काय अभ्यास घ्यावा?" टिपणावर प्रश्न एका बाजूला आणि चार शब्द दुसऱ्या बाजूला असतील, तर अक्षर लावून लावून वाचणारी आईसुद्धा परीक्षा घेऊ शकते. लेकरू बोलत असताना मागच्या शब्दांवर बोट ठेवायचं. चारपैकी एखादा शब्द उत्तरात आला नाही तर एवढंच विचारायचं, "एक राहिलं, काय ते?" शब्द सांगून टाकायचा नाही, थोडा वेळ थांबायचं. ज्या ताईंची गोष्ट सांगितली, त्यांना त्यांची आठवीतली मुलगी विचारायची. दिवसभराचं काम संपल्यावर, भांडी घासताना.

चुकलेल्या प्रश्नापुढं पेन्सिलीनं एक टिंब द्या. पुढच्या वेळी आधी टिंबवाले प्रश्न घ्या. वेगवेगळ्या दोन दिवशी एखादं उत्तर न बघता पूर्ण आलं तर त्यावर आडवी रेघ मारा आणि त्याला दोन दिवस हात लावू नका. नाहीतर आपण येणारेच प्रश्न पुन्हा पुन्हा म्हणत बसतो, कारण ते म्हणताना बरं वाटतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी रेघ मारलेले सगळे एकदा विचारून घ्या.

भिंतीवरचा तक्ता

घडी विचारायला, तर तक्ता जाता-येता नजर टाकायला. म्हणून तक्त्यात कारणं, व्याख्या, परिच्छेद घालू नका. ज्यांची अदलाबदल होते अशाच गोष्टी घाला. भूगोलासाठी भारत-ब्राझील तुलना हा तक्त्याचा सगळ्यात चांगला विषय आहे.

जुन्या मोठ्या कॅलेंडरची दोन पानं घ्या, त्यांची पाठ कोरी असते. एका पानावर भारत, दुसऱ्यावर ब्राझील. दोन्हींवर त्याच क्रमानं सात ओळी लिहा, म्हणजे ओळीसमोर ओळ येईल. नमुना देते :

१. गोलार्ध : भारत – उत्तर, पूर्व. ब्राझील – बहुतेक दक्षिण, पश्चिम.
२. वृत्त : भारत – कर्कवृत्त. ब्राझील – विषुववृत्त आणि मकरवृत्त.
३. समुद्र : भारत – हिंदी महासागर. ब्राझील – अटलांटिक.
४. मोठी नदी : भारत – गंगा. ब्राझील – ॲमेझॉन.
५. ऋतू : भारत – डिसेंबर-जानेवारीत हिवाळा. ब्राझील – तेव्हा दक्षिणेकडे उन्हाळा.
६. प्रमाणवेळ : भारत – एक. ब्राझील – चार.
७. फिरती शेती : भारत – झूम. ब्राझील – रोका.

सातच ओळी का? पानावर इंचभर उंचीची अक्षरं काढली तर तेवढ्याच नीट मावतात. अक्षर बोटाच्या एका पेराएवढं उंच हवं. खरी कसोटी मोजपट्टीची नाही, तुमच्या घरातली आहे. तक्ता लावा, जिथं तुम्ही भाकरी थापता तिथं बसा, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर वाचून बघा. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर लहान आहे. सगळ्या ओळी एकाच रंगात लिहा आणि फक्त जो शब्द चुकतो तोच लाल करा. चार-पाच रंग वापरले की तक्ता छान दिसतो, पण नजर कुठं थांबवायची ते कळत नाही.

लावायचा कुठं? जिथं रोज दोन मिनिटं उभं किंवा बसून राहावं लागतं तिथं. पाण्याच्या माठाजवळ, आरशाशेजारी, भाकरी करताना समोर येणाऱ्या भिंतीवर. चुलीच्या अगदी वर नको, धूर आणि तेलानं दोन दिवसांत काळा पडतो. बसून काम करणारीसाठी तो बसलेल्या डोळ्याच्या उंचीला हवा. आपण सवयीनं उभ्यानं हात पोचेल तिथं लावतो आणि मग बसल्यावर मान वर करावी लागते.

सारवलेल्या मातीच्या भिंतीला चिकटपट्टी धरत नाही. पिठाची खळ लावली तर उंदीर कागद कुरतडतात. त्यापेक्षा पानाच्या वर आणि खाली तुरकाटी बांधा आणि दोऱ्यानं खिळ्याला टांगा. खालची काडी वजनासारखी काम करते, पत्र्याच्या घरात वारा आला तरी तक्ता फडफडत नाही.

तक्त्याची एक अडचण आहे, ती आधीच सांगते. दोन-तीन दिवस गेले की डोळ्याला सवय होते. तक्ता समोर असतो आणि दिसत नाही, जसं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं होतं. त्यावर उपाय सोपा आहे. तिसऱ्या दिवसापासून ब्राझीलच्या पानावर वर्तमानपत्राचा कागद वरच्या कडेला टाचणीनं अडकवा, पडद्यासारखा. भारताची ओळ वाचायची, ब्राझीलची मनात म्हणायची, आणि मग पडदा उचलून बघायचं. पाचव्या दिवशी पडदा काढून भारताच्या पानावर लावा, म्हणजे ब्राझीलवरून भारत आठवावा लागेल. तक्ता तोच, पण पुन्हा विचारणारा झाला.

आठवड्याची वाटणी

टिपणं आणि तक्ता हे आठवडा सुरू व्हायच्या आधीच तयार हवेत. एका घडीला तास-दीड तास लागतो. शेवटच्या आठवड्यात टिपणं काढत बसलं तर हात दुखतो, समाधान वाटतं, आणि विचारायला वेळ उरत नाही. म्हणून सगळ्या धड्यांची टिपणं काढू नका. वर सांगितलेल्या ताईंनी भूगोलाच्या नऊ धड्यांपैकी चारच निवडले होते, जिथं त्या जास्त अडायच्या ते. बाकीचे पाच पुस्तकातूनच चाळले.

मग रोजचं एवढंच : सकाळी एक घडी, संध्याकाळी दुसरी, आणि तक्ता जाता-येता. दोन दिवसांत चारही घड्या एकदा फिरतात, आठवड्यात तीनदा.

आणि हे कुठं चालत नाही, तेही ध्यानात घ्या. बीजगणित, भूमितीची सूत्रं घडीवर चालतात, पण उदाहरण सोडवणं वहीतच करावं लागतं. नकाशात नावं भरण्याचा सरावही हातानं, कोऱ्या नकाशावर करायचा. जो धडा एकदाही समजून वाचलेला नाही, त्याचं टिपण काढून उपयोग नाही, चार शब्द चार शब्दच राहतात. असा धडा शेवटच्या आठवड्यात राहिलाच असेल तर त्यातले दोन सोपे प्रश्न नीट समजून घ्या आणि बाकीचा सोडून द्या.

पेपरच्या सकाळी : हा भाग दोनदा वाचा

बटव्यातली ही घडी घरात आणि रस्त्यात अभ्यास आहे. परीक्षा केंद्राच्या फाटकाच्या आत तीच घडी कॉपी ठरते. लिहिणारीनं ती उघडली नाही, तिला आठवणही नव्हती, असं नंतर सांगून उपयोग होत नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात १९८२ चा कायदा आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली, आणि तेव्हापासून आपल्या भागात तपासणी कडक असते. वर्षभराची मेहनत एका विसरलेल्या कागदानं जाऊ शकते.

धोका नेमका कुठं असतो ते सांगते. आपण महत्त्वाचे सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. हॉल तिकीट, आधार कार्ड, आणि त्यातच ही घडी. म्हणून पहिल्या दिवसापासूनच दोन वेगळ्या पिशव्या करा. हॉल तिकिटाच्या पिशवीत दुसरा एकही कागद जाता कामा नये. हॉल तिकिटाच्या मागं काहीही लिहू नका, बाकावरचा नंबरसुद्धा नाही. घडी ब्लाउजमध्ये किंवा कमरेला खोचायची सवय असेल तर पेपरच्या दिवशी ती मोडा.

रस्त्यात शेवटची नजर टाकायची असेल तर सोबत येणाऱ्या माणसाच्या हातात टिपणं द्या आणि केंद्राच्या बाहेरच त्यांच्याकडं सोडून आत जा. सोबत कुणी नसेल तर घडी घरीच ठेवा, एसटीत नुसते चार-चार शब्द आठवत जा. आत जाण्याआधी एकदा थांबून बटवा, पर्स, पेन-पेन्सिलीची डबी, रुमाल आणि साडीचा किंवा ओढणीचा पदर तपासा. लेकरू परीक्षेला जात असेल तर त्याचे दोन्ही खिसे आपण स्वतः उलटे करून बघा. राग आला तरी चालेल.

आपल्या ताईंनी एक चांगली रीत पाडली होती. पेपरला निघताना घडी मुलीच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता हे तुझ्याकडं, माझ्याकडं काय राहिलंय ते बघू." मुलगी उंबऱ्यात उभी राहून एकच प्रश्न विचारायची. भूगोलाच्या पेपरच्या दिवशी तिनं अवर्षण चतुष्कोनच विचारला. ताई चपला घालता घालता चारही वाक्यं बोलल्या.

गटाच्या बैठकीत

ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांनी पुढच्या बैठकीला प्रत्येकी दोन कोरे ए-फोर कागद, एक बॉलपेन आणि भूगोलाचं पुस्तक आणा. मोठ्या कॅलेंडरची जुनी पानं कुणाकडं असतील तर तीही आणा. बचतीचा हिशोब झाल्यावर घडी घालायला दहा मिनिटं पुरतील. पण प्रश्न आणि चार शब्द घरी, पुस्तक वाचून, परीक्षेला बसणारीनं स्वतःच लिहायचे आहेत. दुसरीची घडी झेरॉक्स करून घेऊ नका. चार शब्द निवडताना धडा डोक्यातून एकदा पूर्ण फिरतो, आणि अर्धा अभ्यास तिथंच होतो.